पाने वाढली, बिल वाढले: यजमानांना पाठवायचा सुधारित बिलाचा मेल

ऑर्डर 350 पानांची होती. लग्न 7 डिसेंबरला, पुण्यातल्या एका कार्यालयात, दुपारचं बुफे जेवण. साडेतीनला भटारखान्यात उरलेली ताटं मोजली आणि हिशेब लागला, 424 ताटं वापरली गेली होती. म्हणजे बिल वाढणार हे नक्की. आता ते वाढलेलं बिल वधूच्या वडिलांना कळवायचं कसं, एवढाच या लेखाचा विषय आहे. केटरिंगमध्ये नव्याने आलेल्यांना स्वयंपाक जमतो, माणसं सांभाळणं जमतं, पण या मेलपाशी ते अडखळतात. काही जण लाजून वाढीव पाने सोडून देतात, काही जण नुसता आकडा पाठवतात आणि पुढच्या पाच ऑर्डरी गमावतात.

वरच्या ऑर्डरचाच हिशेब शेवटपर्यंत नेते, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

आधी बघा, तुमच्या हातात काय काय आहे

मेल लिहायला बसण्याआधी तीन कागद समोर हवेत. पहिला म्हणजे ऑर्डर फॉर्म, ज्यावर यजमानांची सही आहे. या ऑर्डरमध्ये त्यावर चार गोष्टी लिहिल्या होत्या. किमान 350 पाने धरली जातील, आले त्याहून कमी तरी बिल 350चं. दर पानाला 480 रुपये. 385 पानांपर्यंत, म्हणजे 10 टक्के वाढीपर्यंत, दर तोच. त्यापुढच्या प्रत्येक पानाला 10 टक्के जादा, म्हणजे 528 रुपये.

ही शेवटची ओळ तुमच्या फॉर्मवर नसेल तर जादा दर लावायचा नाही. गर्दीत तुमची कितीही धावपळ झाली असली तरी नाही. जे आधी बोललं नाही ते नंतर बिलात आणलं की आपली बरोबर असलेली बाकीची बाजूही संशयात येते. पुढच्या ऑर्डरच्या फॉर्मवर ओळ टाका आणि या वेळी सगळी पाने 480नेच लावा.

दुसरा कागद म्हणजे मोजणीची चिठ्ठी. हीच खरी महत्त्वाची, म्हणून तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिते. तिसरी गोष्ट कागद नाही, मोबाइलमधला निरोप आहे. 350वं पान उचललं गेलं तेव्हा, दुपारी 1 वाजून 20 मिनिटांनी, मी वधूच्या मामांना व्हॉट्सॲप केला होता: "मामा, 350 पाने झाली. अजून बरीच गर्दी आहे. 385पर्यंत तयारी आहे, त्यापुढे जादा दराने करावं लागेल. चालू ठेवू ना?" त्यांचं उत्तर आलं: "हो हो, कुणाला परत पाठवू नका."

हा निरोप वधूच्या वडिलांना पाठवण्यात अर्थ नसतो. त्या वेळी ते व्याह्यांच्या मागे असतात, नाहीतर आहेराच्या पाकिटांपाशी. म्हणून ऑर्डर घेतानाच विचारून ठेवायचं, जेवणाचा निर्णय त्या दिवशी कोण घेणार? बहुतेक घरी एक मामा किंवा थोरला चुलतभाऊ असतोच. त्याचं नाव आणि नंबर फॉर्मवर लिहून घ्या.

पाने मोजली कशी, हे सांगता आलं पाहिजे

पंगत असेल तर मोजणी सोपी. साठ पानांची पंगत, पाच पंगती भरून आणि सहावीत चाळीस, संपलं. कुणी वादच घालत नाही, कारण सगळ्यांनी पाहिलेलं असतं. बुफेत मात्र माणसं नाही, ताटं मोजली जातात आणि इथेच घोळ होतो.

सकाळी साडेदहाला, काउंटर लावायच्या आधी, ताटं 25-25च्या थप्प्यांनी मांडायची आणि मामांना किंवा त्यांनी पाठवलेल्या मुलाला बोलावून दाखवायची. आमच्याकडे त्या दिवशी 18 थप्प्या होत्या, 450 ताटं. जेवणं संपल्यावर कोरी उरलेली ताटं परत त्याच माणसासमोर मोजली, 26 भरली. 450 वजा 26, वापरलेली 424. चिठ्ठीवर दोन्ही आकडे, दोन्ही वेळा आणि मामांची सही.

यात एक फसवी जागा आहे. गर्दी वाढली की भांडी घासणाऱ्या बायका मदत म्हणून धुतलेली ताटं पुन्हा काउंटरला नेऊन ठेवतात. मग कोरी ताटं जास्त उरल्यासारखी दिसतात आणि तुमचीच पाने कमी मोजली जातात. माझं पहिल्या वर्षी एका मुंजीत असंच झालं. श्रीखंडाची सगळी पातेली रिकामी झाली होती आणि मोजणी मात्र 210च पाने दाखवत होती. तेव्हापासून माझा नियम आहे, एकदा वापरलेलं ताट त्या जेवणात परत काउंटरवर येत नाही. धुवून लगेच क्रेटमध्ये. ताटं कमीच पडली आणि धुतलेली वापरावी लागली, तर किती नेली ते चिठ्ठीवर लगेच लिहायचं.

उलटी अडचणही असते. काही पाहुणे दुसऱ्यांदा जेवण घ्यायला जाताना पहिलं ताट ठेवून नवं उचलतात. त्यामुळे ताटं 424 म्हणजे माणसं 424 असं नाही. मी शंभराला दोन ताटं या कारणाने सोडते. 424ला आठ ताटं सोडली, राहिली 416. हा माझा स्वतःचा रिवाज आहे. कुणी शंभराला तीन सोडतं, कुणी काहीच नाही. पण सोडत असाल तर मेलमध्ये ते लिहा. न लिहिता सोडलेलं यजमानांना दिसत नाही, आणि मग ते त्याच कारणाने आणखी कमी करायला सांगतात.

पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मी छोट्या डिश वेगळ्या ठेवते आणि त्या मोजतच नाही. फोटोग्राफर, बँडवाले, मंडपवाले मोठ्या ताटात जेवले तर ते पानच. हेही फॉर्मवर आहे.

आकडेमोड, मेलच्या आधी

कागदावर हिशेब असा मांडला. ठरलेली 350 पाने 480 रुपयांनी, 1,68,000. पुढची 35 पाने त्याच दराने, 16,800. त्यापुढची 31 पाने 528 रुपयांनी, 16,368. बेरीज 2,01,168.

आता मोह कुठे होतो पाहा. पावणेदोनला श्रीखंड संपत आलं म्हणून मुलाला डेअरीत पाठवून 4 किलो श्रीखंड छापील किमतीने आणवलं होतं. मसालेभाताचं आणखी एक पातेलं टाकलं, पुऱ्यांची कणीक नव्याने मळली, त्यात एक जादा सिलिंडर लावला गेला. नवीन माणूस हे सगळं "जादा खर्च" म्हणून वेगळ्या ओळीत लिहितो. ते चूक आहे. 31 पानांना 48 रुपये जास्त कशासाठी घेतो आहोत? याचसाठी, की 385च्या पुढचं जेवण आयत्या वेळी महाग पडतं. दर वाढवून घेतला आणि वर श्रीखंडाची पावतीही लावली, तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे झाले. यजमानांपैकी कुणीतरी बँकेतून निवृत्त झालेलं असतं आणि ते हे पहिल्या मिनिटात पकडतं.

दुसरी ओळ उलट्या बाजूची आहे. अळूवड्या 385च्या अंदाजानेच केल्या होत्या. मसालेभात आयत्या वेळी होतो, अळूवडी होत नाही. पानं आणायची, पीठ लावून गुंडाळायची, वाफवायची, गार झाल्यावर कापायची, मग तळायची. त्यामुळे शेवटच्या सुमारे 40 ताटांत अळूवडी गेली नाही. त्या 40 ताटांचे 20 रुपयांप्रमाणे 800 रुपये मी बिलातून वजा केले. ऑर्डरला दोन लाखांच्या घरात 800 म्हणजे काहीच नाही, पण नवऱ्याकडची जी मंडळी शेवटी जेवली त्यांनी अळूवडी नसल्याचं घरी सांगितलेलं असणारच. यजमानांनी ते काढण्याआधी तुमच्या मेलमध्ये असलं पाहिजे.

2,01,168 वजा 800, राहिले 2,00,368. त्यावर जीएसटी.

जीएसटीबद्दल थोडंसं. स्वतंत्र केटररने बाहेर जाऊन दिलेल्या जेवणाला 5 टक्के लागतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा, आणि त्यावर आपल्याला खरेदीवरच्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून आपण तुपावर, गॅसवर भरलेला कर दरातच धरलेला असतो. मोठ्या हॉटेलच्या आवारात काम असेल तर दर वेगळा लागू शकतो, तेव्हा सीएला विचारून घ्या. तुमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असून नोंदणीच नसेल, तर कराची ओळ बिलात टाकायचीच नाही. नोंदणी नसताना कर गोळा करणं हा गुन्हा आहे, आणि "सगळेच लावतात" हे उत्तर कुठे चालत नाही.

आमच्या हिशेबात 5 टक्के म्हणजे 10,018 रुपये 40 पैसे. एकूण 2,10,386 रुपये 40 पैसे, पैसे सोडून 2,10,386. ॲडव्हान्स कर धरून 1,00,000 आलेला. बाकी 1,10,386.

मेल लिहिण्याआधी आणखी एक वजाबाकी करा, यजमानांच्या बाजूने. त्यांच्या डोक्यात कोणता आकडा आहे? त्यांच्याकडे कोटेशन आहे 1,76,400चं, 350 पाने आणि कर मिळून. लाख दिलेत, म्हणजे त्यांच्या मते 76,400 द्यायचे आहेत. त्यांनी तेवढेच बाजूला काढून ठेवलेत. तुमच्या मेलमुळे त्यांना 33,986 रुपये जास्त द्यावे लागणार आहेत. मेलने समजावून सांगायचे ते हे 33,986 रुपये, दोन लाख दहा हजार नव्हेत. मी पाहिलेले बहुतेक मेल इथेच फसतात. एकूण बिल मोठं करून सांगतात आणि फरक कुठून आला ते यजमानांनाच शोधायला लावतात.

आधी फोन, मग मेल, आणि कोणता कागद जोडायचा

लग्नाच्या दिवशी पैशाचं बोलायचं नाही, दुसऱ्या दिवशी मुलीच्या सासरी सत्यनारायण असतो. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला फोन करायचा. फोनवर आकडा सांगायचा पण हिशेब सांगायचा नाही: "काका, पाने 416 झाली, त्यामुळे बाकी 1,10,386 होते. कशी झाली ते सगळं मेलवर पाठवते, निवांत बघा." आकडा पहिल्यांदा मेलमध्ये वाचला तर धक्का बसतो, आणि धक्का बसलेला माणूस हिशेब वाचत नाही, उत्तर लिहायला घेतो.

मेलला पक्कं टॅक्स इन्व्हॉइस जोडू नका. प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं सुधारित बिल जोडा. कारण बोलणी होऊन काही कमी झालं आणि इन्व्हॉइस आधीच निघालेलं असेल, तर क्रेडिट नोट काढावी लागते. ज्यांनी हौसेने लग्नाआधीच 350चं टॅक्स इन्व्हॉइस देऊन टाकलंय, त्यांना वाढीसाठी डेबिट नोट काढावी लागेल. तेही जमतं, पण एका साध्या लग्नासाठी इतके कागद कशाला? मात्र पक्कं इन्व्हॉइस काम झाल्यापासून 30 दिवसांत निघायला हवं, तेव्हा बोलणी लांबवू नका.

पूर्वी मी कसा लिहायचे

जुना एक मेल अजून माझ्याकडे आहे. तो असा होता:

"नमस्कार सर, आपल्या कार्यक्रमात ठरल्यापेक्षा बरेच पाहुणे आल्यामुळे आम्हाला खूप त्रास झाला. तरीही आम्ही कुणाला उपाशी जाऊ दिलं नाही. जादा पानांचे व जादा सामानाचे पैसे धरून सुधारित बिल सोबत जोडले आहे. कृपया दोन दिवसांत पेमेंट करावे ही विनंती."

"बरेच पाहुणे" म्हणजे किती? "त्रास झाला" म्हणजे यजमानांनी चूक केली असं म्हणायचंय का? घरच्या लग्नात माणसं जास्त आली हा त्यांच्या दृष्टीने आनंद आहे, आणि मी त्याला त्रास म्हटलं होतं. "उपाशी जाऊ दिलं नाही" हे तर उपकार केल्यासारखं. त्या मेलला उत्तर आलंच नाही, पैसे दीड महिन्याने आले, तेही वाढीव पाने वगळून.

आता असा लिहिते

विषयाच्या ओळीतच तारीख, कार्य आणि पानांचा फरक टाकायचा, म्हणजे नंतर शोधताना सापडतो. हा 9 डिसेंबरचा मेल:

विषय: 7 डिसेंबरचे लग्नाचे जेवण, सुधारित बिल (350ऐवजी 416 पाने)

नमस्कार काका,

लग्न छान पार पडलं. सकाळी फोनवर बोललो त्याप्रमाणे जेवणाचा हिशेब पाठवत आहे.

कोटेशनप्रमाणे आपली बाकी 76,400 रुपये होती. पाने वाढल्यामुळे ती आता 1,10,386 रुपये होते, म्हणजे 33,986 रुपये जास्त. हा फरक कसा आला ते खाली लिहिते.

सकाळी 450 ताटं मांडली होती, जेवणानंतर 26 कोरी उरली. म्हणजे 424 वापरली गेली. दोन्ही मोजण्या मामांसमोर झाल्या, त्यांच्या सहीच्या चिठ्ठीचा फोटो जोडला आहे. काही पाहुणे दुसऱ्यांदा घेताना नवं ताट घेतात, त्यासाठी 8 ताटं सोडून 416 पाने धरली आहेत. लहान मुलांच्या छोट्या डिश यात नाहीत.

ठरलेल्या 350च्या वर 66 पाने झाली. त्यातल्या पहिल्या 35 पानांना ठरलेलाच दर लावला आहे. पुढच्या 31 पानांना ऑर्डर फॉर्मप्रमाणे 528 रुपये दर आहे. दुपारी 1.20ला मामांना तसं कळवून, त्यांनी हो म्हटल्यावरच पुढचा स्वयंपाक केला.

350 पाने, दर 480: 1,68,000
35 पाने, दर 480: 16,800
31 पाने, दर 528: 16,368
अळूवडीची वजावट, 40 पाने, 20 रुपये: वजा 800
एकूण: 2,00,368
जीएसटी 5 टक्के: 10,018.40
एकूण बिल: 2,10,386
मिळालेला ॲडव्हान्स: 1,00,000
बाकी: 1,10,386

शेवटच्या साधारण 40 जणांच्या ताटात अळूवडी देता आली नाही. ती आयत्या वेळी करता येत नाही, पण ठरलेला पदार्थ होता, म्हणून तेवढे पैसे वजा केले आहेत. आयत्या वेळी आणलेल्या श्रीखंडाचे आणि सामानाचे वेगळे पैसे लावलेले नाहीत, ते वरच्या दरातच आले.

सोबतचं बिल कच्चं आहे. आपण आणि मामांनी पाहून काही विचारायचं असल्यास कळवा, मग पक्कं बिल पाठवते. 17 डिसेंबरपर्यंत बाकी मिळाली तर बरं होईल, खात्याचा तपशील बिलावर आहे.

आपली,
(नाव, फर्मचे नाव, मोबाइल)

यात काय नाही ते बघा. आभाराचा लांब परिच्छेद नाही, पुन्हा सेवेची संधी द्या वगैरे नाही. "लग्न छान पार पडलं" एवढी एक ओळ पुरते. मामांचा उल्लेख तीनदा आलाय, पण त्यांच्यावर ढकलल्यासारखा नाही. घरात जावई, मेहुणे यांच्यात त्या सहीवरून बोलणं होणार असतं, आपण त्यात तेल ओतायचं नाही. म्हणून "मामांनी परवानगी दिली होती, त्यांना विचारा" असं कधी लिहायचं नाही. आणि व्हॉट्सॲपचा स्क्रीनशॉट पहिल्या मेलला जोडू नका. चिठ्ठीचा फोटो पुरे. स्क्रीनशॉट मागितला तर द्यायचा. आधीच लावला तर कोर्टात पुरावा टाकल्यासारखं दिसतं.

प्रोफॉर्मावर एफएसएसएआयच्या अन्नपरवान्याचा 14 आकडी नंबर टाकायचा विसरू नका. 1 जानेवारी 2022पासून बिलांवर तो छापणं बंधनकारक आहे. पुष्कळ छोटे केटरर अजून ठेवत नाहीत, आणि ज्याला बिल द्यायचं नसतं त्याला तेवढं कारण पुरतं.

उत्तरात काय येतं

तीन गोष्टी हमखास येतात. "आम्ही 350च लोकांना बोलावलं होतं." यावर आमंत्रणांची चर्चा करायची नाही. आमंत्रण कुणी किती जणांना दिलं हे आपल्याला माहीत नसतं, आपल्याला ताटं माहीत असतात. चिठ्ठीकडे बोट दाखवायचं आणि थांबायचं.

"एवढं जेवण तर उरलं होतं." उरतंच. बुफेत काही पदार्थ उरतात आणि काही संपतात, या लग्नात बटाट्याची भाजी आणि आमटी दोन पातेली उरली आणि श्रीखंड संपलं. बिल शिजवलेल्या अन्नावर नसतं, पानावर असतं. यजमानांना उरलेलं अन्न डब्यात भरून दिलं असेल तर तेही नम्रपणे आठवण करून द्यायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे सरळ घासाघीस. इथे आधीच ठरवून ठेवा, काय सोडायचं आणि काय नाही. माझं मत पक्कं आहे, पानांचा आकडा सोडायचा नाही, जादा दर सोडला तरी चालेल. आकडा एकदा "400 धरू या" म्हणून खाली आणला की त्यांना वाटतं, मोजणीच खोटी होती. दर मात्र तुमचा आहे, तो तुम्ही मनाने कमी करू शकता. जीएसटी सोडायला सांगितला तर नाही म्हणायचं. तो आपला नाहीच, आपल्याला तो भरावाच लागतो.

या मेलला काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. मामांची सही त्यांनी पाहिली होती. पानांबद्दल एक शब्द नाही. लिहिलं होतं, "31 पानांना जादा दर लावलाय तेवढा सोडा, बाकी मान्य. अळूवडीचं तुम्ही आपणहून लिहिलंत, बरं वाटलं."

31 पानांचे प्रत्येकी 48, म्हणजे 1,488 सोडले. करपात्र रक्कम 1,98,880 झाली, कर 9,944, एकूण 2,08,824. ॲडव्हान्स वजा जाता 1,08,824. त्याच संध्याकाळी पक्कं इन्व्हॉइस पाठवलं, 416 पाने सरसकट 480ने, अळूवडीची वजावट तशीच ठेवून. मेलमध्ये दोनच ओळी होत्या: "आपण सांगितल्याप्रमाणे 31 पानांचा जादा दर कमी केला आहे. बाकी 1,08,824 रुपये." पैसे 15 डिसेंबरला खात्यात आले. मोजणीची चिठ्ठी इन्व्हॉइसच्या प्रतीला टाचून फाइलला लावली.